दोन कप पुदिना आणि साडेचार महिने न आलेली पाळी

(रुग्णाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती आईबरोबर आली तेव्हा पायऱ्या चढून आल्यामुळे दम लागला होता. वय २६, एका खासगी शाळेत शिक्षिका, अजून लग्न झालेलं नाही. सतरा दिवस अंगावरून जात होतं आणि आदल्या दोन दिवसांत गाठी पडायला लागल्या होत्या. त्याआधी साडेचार महिने पाळीच आली नव्हती. शेवटची पाळी २० मेची.

आईने सांगायला सुरुवात केली, पण मुलीने मध्येच विचारलं, "मॅडम, मी पुदिन्याचा चहा घेतेय रोज, मार्चअखेरपासून. त्यानेच झालं का हे?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर "नाही" असं होतं आणि ते मी लगेच दिलं. पण त्या चहाचा या सगळ्याशी काहीच संबंध नव्हता असंही म्हणता येत नव्हतं. तो संबंध काय होता, हे नीट मांडावं म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या पीसीओएसच्या, म्हणजे बहुतेक जणी ज्याला पीसीओडी म्हणतात त्याच्या, मुलींपैकी कितीतरी जणी हा चहा आधीच घेत असतात.

तिची हकिकत अशी. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली. कॉलेजात असताना लांबायला लागली, कधी ४५ दिवसांनी, कधी ६० दिवसांनी. हनुवटीवर आणि ओठांच्या वर जाड केस यायला लागले. बाविसाव्या वर्षी सोनोग्राफी झाली, पीसीओडी सांगितलं गेलं आणि तीन महिने हार्मोनच्या गोळ्या दिल्या गेल्या. गोळ्यांवर पाळी दर महिन्याला आली, बंद केल्यावर पुन्हा लांबली. "गोळ्यांची सवय लागेल, पुढे मूल होणार नाही" अशी भीती आईला कुणीतरी घातली होती, त्यामुळे पुन्हा त्या वाटेला कुणी गेलं नाही. दर आठ दिवसांनी थ्रेडिंग चालू राहिलं. यंदा स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा मैत्रिणीने पुदिन्याचा चहा सुचवला. त्याने चेहऱ्यावरचे केस जातात आणि पाळीही लायनीवर येते, असं ती म्हणाली होती.

चहा सुरू करण्याआधी, फेब्रुवारीत, तिने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासलं होतं. ते डेसिलिटरला ६८ नॅनोग्रॅम आलं. जूनमध्ये दुसऱ्या एका लॅबच्या पॅकेजमध्ये ५१ आलं. हा आकडा पाहून तिची खात्री पटली की चहा लागू पडतोय. आता फक्त धीर धरायचा, पाळी येईलच. या धीर धरण्यातच जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर गेले.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगते, कारण चहाचा विचार त्यानंतरचा.

लघवीची गर्भधारणा चाचणी केली. पाळी चुकलेल्या प्रत्येक बाईची ती करायची, अविवाहित असो वा विवाहित, आणि आईसमोर न विचारता करायची. ती निगेटिव्ह आली. हिमोग्लोबिन ८.६ होतं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक होते. १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनही ठीक होतं, म्हणजे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात दोषाने केस वाढतात तो प्रकार नव्हता. आवाज बदललेला नव्हता, केस काही महिन्यांत एकदम वाढलेले नव्हते. ते तसे वाढले असते किंवा टेस्टोस्टेरॉन दीडशे-दोनशेच्या पुढे असतं, तर अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ आहे का हे शोधावं लागलं असतं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर १४ मिलिमीटर दिसलं.

आजाराचं मूळ त्या १४ मिलिमीटरमध्ये होतं. पीसीओएसमध्ये बीज वेळेवर फुटत नाही. बीज फुटलं नाही की त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉनही तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं आणि ते अस्तर वाढवत राहतं. शेतात पाणी चालू ठेवून कापणी केलीच नाही तर जे होतं, तसं हे होतं. अस्तर एका मर्यादेपर्यंत वाढतं, मग इथून तिथून सुटायला लागतं आणि रक्तस्राव थांबत नाही. ही पाळी नसते, सुटलेल्या अस्तराचा स्राव असतो. वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर अस्तरातल्या पेशी बिघडायला लागतात आणि अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणूनच पाळी ९० दिवसांच्या वर लांबू द्यायची नाही, असा नियम आम्ही पाळतो.

तिला नोरेथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. गोळ्या संपल्यावर चार दिवसांनी पाळीसारखा स्राव येईल आणि तो आलाच पाहिजे, हे आधीच सांगून ठेवलं. नाहीतर घरी घाबरतात की पुन्हा सुरू झालं. स्राव आला, सहा दिवस चालला, त्यानंतरच्या सोनोग्राफीत अस्तर ५ मिलिमीटर होतं. ते जाडच राहिलं असतं किंवा रक्तस्राव पुन्हा सुरू झाला असता, तर अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागला असता, वय २६ असलं तरी. लोहाची गोळी एक दिवसाआड सुरू केली.

आता चहा.

दुसऱ्या भेटीला मी तिला चहाचं सगळं सामान घेऊन यायला सांगितलं होतं. तिने एक रिकामं पाकीट, एक स्टीलचा डबा आणि रोजचा चमचा आणला. पाकिटावर "मिंट" असं मोठ्या अक्षरात होतं, पण घटकांमध्ये ग्रीन टी आणि पेपरमिंट लिहिलेलं होतं. पहिले दोन महिने तिने ते घेतलं होतं. नंतर भाजीवाल्याकडचा पुदिना सावलीत वाळवून डब्यात भरला होता.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण स्त्रियांवरचे जे अभ्यास झाले ते स्पिअरमिंटवर, म्हणजे मेन्था स्पाइकाटा या वनस्पतीवर. आपल्याकडे चटणीला येणारा पुदिना बहुतेक वेळा हाच असतो. पान जवळजवळ देठाशिवाय दांडीला चिकटलेलं असतं, चुरगळलं की वास गोडसर येतो आणि जिभेवर झोंबत नाही. त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. पेपरमिंटच्या पानाला छोटा पण स्पष्ट देठ असतो आणि त्यात मेन्थॉल भरपूर असल्यामुळे तोंड गार पडतं. पुदिन्याचा सत्व म्हणून जे पांढरे खडे मिळतात तेही मेन्थॉलच, आणि ते तिसऱ्याच जातीच्या पुदिन्यातून काढलेलं असतं. ते खडे, अर्क किंवा तेल पाण्यात घालून पिणं म्हणजे हा चहा नव्हे. त्यावर इथलं काहीच लागू होत नाही आणि पोटात जास्त गेलं तर अपाय होतो. तिच्या डब्यातलं पान मी हातावर चोळून पाहिलं. वास गोडसर होता, पुदिना बरोबर होता.

मग तिला म्हटलं, रोज घेतेस तेवढा चमचा भर. केक करायला वापरतात तो छोटा डिजिटल काटा माझ्याकडे होता. तिचा शीग लावलेला चमचा भरला १ ग्रॅम. वाळलेली पानं हलकी असतात, चमचाभर म्हणजे डोळ्यांना खूप वाटतं आणि वजनात काहीच नसतं.

एवढं बघितल्यावर अभ्यास काय सांगतात ते तिच्याबरोबर बसून पाहणं सोपं गेलं. स्त्रियांवरचे नेमके दोनच अभ्यास सगळीकडे उद्धृत होतात, आणि दोन्ही छोटे आहेत.

गोष्ट सुरू होते तुर्कस्तानातल्या इस्पार्तामध्ये. त्या भागात पुदिन्याचा चहा पिणाऱ्या पुरुषांनी कामेच्छा कमी झाल्याची तक्रार केली आणि तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना लिटरला २० ग्रॅम या प्रमाणात केलेला चहा पाजल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन घटलं. लिटरला २० ग्रॅम म्हणजे आपल्या २५० मिलिलिटरच्या मगाला ५ ग्रॅम. पुरुषांना जे नको तेच चेहऱ्यावर केस येणाऱ्या स्त्रियांना हवं असेल, या विचाराने त्यांनी पुढचा अभ्यास स्त्रियांवर केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. २१ स्त्रिया होत्या, त्यांपैकी १२ जणींना पीसीओएस. पाळीनंतरच्या पंधरवड्यात पाच दिवस, दिवसाला दोन कप. पाच दिवसांनी मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी झालं, एकूण टेस्टोस्टेरॉन फारसं हललं नाही, आणि अंडाशयाला चालना देणारे एलएच व एफएसएच हे हार्मोन आणि इस्ट्रोजेन वाढलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पाच दिवसांत केस मोजण्याचा तर प्रश्नच नव्हता.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधला, २०१० सालचा. पीसीओएस आणि केसांची तक्रार असलेल्या ४२ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला स्पिअरमिंटचा चहा दिवसातून दोनदा, दुसऱ्याला दुसऱ्याच वनस्पतीचा चहा, महिनाभर. ४१ जणींनी तो पूर्ण केला. स्पिअरमिंटच्या गटात मोकळं आणि एकूण, दोन्ही टेस्टोस्टेरॉन कमी झालं. केसांचा त्रास आता कमी वाटतोय, असंही त्या बायकांनी प्रश्नावलीत नोंदवलं. पण डॉक्टरांनी ठरलेल्या पद्धतीने केस मोजले, तेव्हा फरक दिसला नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी मी तिला थांबवलं. बाईला वाटतं कमी झालं आणि मोजल्यावर दिसत नाही, याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, पुदिन्याची चव लपत नाही. आपण "खरा" चहा पितोय हे पिणारीला कळतं आणि आशेने बरं वाटतं. दुसरा अर्थ केसाच्या स्वभावात आहे, आणि मला तो जास्त पटतो.

मोकळं टेस्टोस्टेरॉन म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला छोटासा हिस्सा. तोच केसाच्या मुळाशी पोचतो. तिथे त्याचं आणखी तीव्र रूप तयार होतं आणि हनुवटीवरची मऊ लव जाड, काळ्या केसात बदलते. एकदा मूळ असं बदललं की रक्तातला आकडा खाली आला म्हणून वाढत असलेला केस बारीक होत नाही. तो त्याची वाढ पुरी करतो, गळतो, मग त्याच मुळातून येणारा पुढचा केस जरा बारीक येऊ शकतो. या फेऱ्याला महिने लागतात. म्हणून केसांवरच्या कुठल्याही औषधाला आम्ही निदान सहा महिने देतो आणि त्याआधी निकाल लावत नाही. महिनाभराच्या अभ्यासात केस मोजून काही न दिसणं यात नवल नाही. पण त्यावरून "सहा महिने घेतलं असतं तर दिसलं असतं" असंही म्हणता येत नाही.

एलएच वाढल्याचा उल्लेख दोन्ही अभ्यासांत आहे आणि तो चांगली बातमी म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. पीसीओएसमध्ये एलएच बऱ्याचदा आधीच चढलेलं असतं, आणि अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन बनवायला हाच हार्मोन लावतो. गोळ्या नेमकं उलटं करतात. त्या एलएच दाबतात आणि टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतात. या फरकामुळेच चहा हा गोळ्यांचा सौम्य अवतार आहे असं मी म्हणत नाही.

आणि पाळी? या दोन अभ्यासांत पाळी नियमित झाली का, बीज फुटलं का, हे पाहिलेलंच नाही. पाच दिवसांत आणि एका महिन्यात ते कळणारही नाही. पीसीओएससारखी अवस्था निर्माण केलेल्या उंदरांवर स्पिअरमिंटच्या तेलाचे प्रयोग झालेत आणि त्यांत अंडाशयाचं चित्र सुधारल्याचं दिसलं. पण ते तेल आहे, आणि ते उंदीर आहेत. मैत्रिणीने जे दोन फायदे सांगितले होते त्यांपैकी केसांच्या बाजूने थोडा पुरावा आहे. पाळीच्या बाजूने स्त्रियांमधला पुरावा या अभ्यासांत नाही.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मॅडम, माझं ६८चं ५१ झालं ना?"

हा प्रश्न रास्त होता. मी तिचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. लॅब वेगळ्या, यंत्रं वेगळी. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचं टेस्टोस्टेरॉन फारच कमी असतं, आणि नेहमीच्या लॅबमधली चाचणी इतक्या खालच्या पातळीवर अचूक नसते. त्यात सकाळ-संध्याकाळचा आणि दिवसादिवसाचा फरक. ती पहिल्यांदा आली तेव्हा, चहा रोज चालू असताना, मी फेब्रुवारीतल्याच लॅबमध्ये नमुना पाठवला होता. तो ६२ आला होता. ६८, ५१ आणि ६२ या तीन आकड्यांत घसरण शोधणं म्हणजे पावसाळ्यात एका दिवसाच्या उन्हावरून ऋतू ठरवणं. ते तिला पटलं, पण चेहरा उतरला. चार महिने ती या एका आकड्याच्या भरवशावर होती.

आणखी एक गोष्ट बोलण्यातून निघाली. दोन्ही कप ती जेवणाबरोबर घ्यायची, एक दुपारच्या डब्याबरोबर आणि एक रात्री. पुदिन्यासारख्या पानांच्या काढ्यात अशी द्रव्यं असतात जी जेवणातल्या लोहाला आतड्यात शोषू देत नाहीत. पेपरमिंटच्या चहाबाबत हे माणसांवर मोजलेलं आहे आणि तो परिणाम काळ्या चहाच्या जवळपास जाणारा आहे. हिमोग्लोबिन ८.६ झालं ते मुख्यतः सतरा दिवसांच्या रक्तस्रावाने, त्याचा दोष मी चहाला देणार नाही. पण शाकाहारी जेवण, त्यातलं कमी शोषलं जाणारं लोह आणि वर त्याच घासाबरोबर हा चहा, हे जुळून आलेलं होतं. शिवाय प्रत्येक कपात दोन चमचे मध होता. तिची साखरेची तपासणी केली, तेव्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४६ आली होती. ती १४०च्या आत हवी. अशा मुलीला रोजचे चार चमचे मध चहाच्या कुठल्याही गुणापेक्षा महाग पडतात.

मग तिला चहा बंद करायला सांगितलं का? नाही. तिला तो आवडत होता, संध्याकाळचा दुधाचा, साखरेचा चहा त्याने सुटला होता, आणि थोडा फायदा असण्याची शक्यता मी नाकारत नाही. फक्त काही गोष्टी ठरवल्या.

प्रमाण दिवसाला दोन कप, त्याहून जास्त नाही. सुकी पानं काट्यावर मोजून कपाला १ ते २ ग्रॅम. ५ ग्रॅम ही मी कमाल मर्यादा धरते आणि तिथपर्यंत जायला सांगत नाही, कारण उंदरांवरच्या त्याच मालिकेत अशाच दाट चहाने यकृत आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत बदल दिसले होते. माणसांत हे प्रमाण घातक ठरतं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण लिटर लिटर प्यायचं कारणही उरत नाही. ताजा पुदिना असेल तर हिशेब वेगळा. त्यात पाणीच जास्त, म्हणून १ ते २ ग्रॅम सुक्यासाठी साधारण ५ ते १० ग्रॅम ताजी पानं, म्हणजे चांगली मूठभर. पाणी उकळून गॅस बंद करायचा, पानं घालायची, झाकण ठेवायचं, पाच ते दहा मिनिटांनी गाळायचं. काढा करतात तसं खळाखळा उकळत ठेवलं की सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर उडून जातात. मध नको, गूळ नको. जेवण आणि लोहाची गोळी यांच्यापासून दोन तास दूर. छातीत जळजळ वाढली तर बंद, कारण पुदिन्याने काहींना आम्लपित्त वाढतं.

गर्भधारणेची शक्यता असेल तर अजिबात नाही, ही अट मी सगळ्यांत जोर देऊन सांगते. पुरुषी हार्मोन कमी करेल या आशेने जी वस्तू घ्यायची ती पोटात मुलगा वाढत असताना नको, त्याची घडण याच हार्मोनवर अवलंबून असते. आणि पीसीओएसमध्ये पाळी लांबणं नेहमीचंच असल्यामुळे दिवस गेलेत हेच दोन-दोन महिने लक्षात येत नाही. लग्न झालेल्या आणि मूल हवं असलेल्या मुलीला मी म्हणूनच हा चहा सुचवत नाही.

केसांसाठी आम्ही मोजणी ठरवली. शास्त्रीय मोजणीत शरीराच्या नऊ जागांना शून्य ते चार गुण देतात. तिची बेरीज ९ आली, त्यातले ३ हनुवटीचे आणि २ ओठांवरचे. पण खरी मोजणी करायची तर काही आठवडे केस न काढता यावं लागतं, आणि शाळेत रोज मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या मुलीला ते मी सांगू शकत नव्हते. त्याऐवजी थ्रेडिंगच्या तारखा वहीत लिहायला सांगितल्या. आठ दिवसांचं अंतर वाढतंय का, एवढंच बघायचं.

गोळ्यांचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "लग्नाआधी नकोच हो मॅडम." मी जबरदस्ती केली नाही. दोन महिने पाळी आली नाही तर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम दहा दिवस घेऊन पाळी आणायची, असं ठरलं. याने अस्तर सुरक्षित राहतं, केसांवर काही होत नाही, आणि तेही सांगितलं. जानेवारीच्या शेवटी ती आली तेव्हा गोळीने एकदा पाळी आली होती, हिमोग्लोबिन ११.२ होतं, चहा नियमाने चालू होता. वहीतलं अंतर होतं आठ, नऊ, आठ, आठ, नऊ.

वही तिनेच माझ्यासमोर उघडून ठेवली आणि आईकडे बघून म्हणाली, "आई, मला गोळ्या घ्यायच्यात." रक्तदाब ठीक होता, मायग्रेन नव्हतं, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास नव्हता. कमी मात्रेच्या एकत्रित गोळ्या सुरू केल्या. आईला दोन गोष्टी समजावल्या. गोळ्यांवर दर महिन्याला येतो तो गोळ्यांनी आणलेला स्राव असतो आणि बंद केल्यावर मूळचा लांबण्याचा स्वभाव परत दिसतो, म्हणून सवय लागल्यासारखं वाटतं. आणि मूल होण्याची क्षमता गोळ्यांनी जात नाही, बंद केल्यावर ती परत येते. जुने केस गोळ्यांनी जाणार नव्हते, त्यांच्यासाठी लेझर सांगितलं, पण सावळ्या त्वचेवर काम करण्याचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच. पीसीओएस असलेल्या सावळ्या मुलींत चुकीच्या लेझरने हनुवटीखाली केस उलट वाढल्याचं दिसतं.

ऑगस्टमध्ये, गोळ्या सुरू होऊन साडेसहा महिन्यांनी, वहीतलं अंतर १९ दिवसांवर आलं होतं. लेझरच्या चार बैठका झाल्या होत्या, त्यामुळे यातला गोळ्यांचा वाटा किती आणि लेझरचा किती हे वेगळं काढता येत नाही. हिमोग्लोबिन १२.४. वजन साडेतीन किलोने कमी, साखर १३१. पुदिन्याचा एक कप ती दुपारी चार वाजता, शाळा सुटल्यावर, बिनमधाचा घेते. दुसरा कप तिनेच सोडला.

लग्न डिसेंबरचं ठरलंय. सुरुवातीचं वर्षभर मूल नको, असं दोघांनी ठरवलंय, तोवर गोळ्या चालू राहतील. गोळ्या बंद करायच्या दिवशी पुदिन्याचा डबाही बंद करायचा, आणि त्यानंतर पाळी ४० दिवसांच्या वर गेली की आधी घरी गर्भधारणेची चाचणी करायची, ती निगेटिव्ह असली तरी ९० दिवस पुरे होण्याआधी माझ्याकडे यायचं. हे तिने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलंय.